पुरवठादाराचं स्टेटमेंट जुळेना: १,६३,०५० च्या फरकाला उत्तर लिहिताना

६ ऑक्टोबरला आमच्या पॅकिंगच्या मालाच्या पुरवठादाराचं तिमाही स्टेटमेंट मेलवर आलं. काळ १ जुलै ते ३० सप्टेंबर, तळाला येणे बाकी ४,८६,२५०. आमच्या लेजरमध्ये त्याच तारखेला त्यांचं देणं होतं ३,२३,२००. म्हणजे फरक तब्बल १,६३,०५०. खाली छापील ओळ होती की पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ही बाकी आपल्याला मान्य आहे असं समजू. सोबत एक फॉर्मही होता, 'वरील बाकी बरोबर आहे' म्हणून सही-शिक्का मारून परत पाठवायचा.

मी एका छोट्या उत्पादन कंपनीत खाती बघते. एखाद्या बिलाने चुकणारी स्टेटमेंटं नेहमीची असतात, ती फोनवर मिटतात. एवढ्या फरकाला लेखी उत्तर द्यायची माझी पहिलीच वेळ होती, आणि हे खातं आधी सांभाळणारा सहकारी नोकरी सोडून गेलेला. त्यात पुरवठादाराच्या विक्रीवाल्याने खरेदी विभागाला सांगून ठेवलं होतं की खातं 'क्लिअर' झाल्यावरच पुढची गाडी सुटेल. साहेबांचं म्हणणं साधं होतं: "सही करून टाक, नंतर बघू. माल अडायला नको."

सही मी केली नाही, आणि याच्यावर ठाम राहिले. बाकी मान्य असल्याची लेखी सही म्हणजे देणं कबूल केल्याचा पुरावा असतो. बऱ्याच देशांच्या कायद्यात अशा कबुलीला वजन आहे, अगदी जुन्या देण्याची वसुलीची मुदतही तिच्यामुळे नव्याने सुरू होऊ शकते. 'नंतर बघू' म्हणून केलेली सही नंतर आपल्यालाच दाखवली जाते. पण उत्तर न देता गप्प बसणंही बरं नव्हतं. त्यामुळे त्याच दिवशी दोन ओळींची मेल टाकली: स्टेटमेंट मिळालं, बाकी आमच्या वहीशी जुळत नाही, तपशीलवार यादी ११ तारखेपर्यंत पाठवतो, तोवर ही बाकी मान्य धरू नये. मुदतीची टांगती तलवार या दोन ओळींनी दूर झाली आणि मला शांतपणे काम करायला वेळ मिळाला.

७ तारखेला बसले. सगळ्यात आधी बघितला तो ओपनिंग बॅलन्स. १ जुलैची त्यांची सुरुवातीची बाकी आणि आमची त्या दिवशीची बाकी एकच निघाली, तेव्हा जीव भांड्यात पडला. याचा अर्थ जे काही बिनसलंय ते या तीन महिन्यांतच. सुरुवातच जुळत नसेल तर आतल्या नोंदी तपासत बसण्यात अर्थ नाही. आधी त्यांच्याकडून मागच्या काळाचं स्टेटमेंट मागवायचं आणि दोन्ही खाती शेवटची कधी जुळली होती ती तारीख गाठायची. तिथून पुढे यायचं. मागच्या वर्षीचा फरक या वर्षीच्या नोंदींत शोधणाऱ्याला तो कधीच सापडत नाही.

मग दोन्ही कागद शेजारी ठेवून टिका मारायला घेतल्या. इथे सुरुवातीला गोंधळ होतो तो नावे-जमेचा. त्यांचं स्टेटमेंट म्हणजे आपल्या लेजरची आरशातली प्रतिमा. त्यांनी बिल केलं की ते आपल्याला नावे टाकतात, आपण तेच बिल त्यांच्या खात्यात जमेला घेतो. आपण पैसे दिले की आपल्याकडे नावे, त्यांच्याकडे जमा. एकदा त्यांच्या कागदावर पेन्सिलने 'नावे = आमची जमा' असं लिहून ठेवलं की डोकं ठिकाणावर राहतं.

टिका मी रकमेवरून न मारता बिल नंबरावरून आणि पैशांच्या बाबतीत चेक किंवा बँक व्यवहाराच्या क्रमांकावरून मारल्या. एकाच रकमेची दोन-तीन बिलं एका महिन्यात असतात, आणि रकमेवरून जुळवायला गेलं की एकाची टीक दुसऱ्यावर पडते. तारखेवर तर अजिबात भरवसा ठेवू नये. त्यांच्या स्टेटमेंटवर बिलाची तारीख असते, आमच्याकडे माल आत आल्याची. एकच बिल दोन कागदांवर चार-पाच दिवसांच्या अंतराने दिसतं.

बहुतेक नोंदी जुळल्या. त्यांच्या कागदावर टीक न पडलेल्या तीन नोंदी राहिल्या, आमच्या लेजरमध्ये दोन.

त्यांच्याकडे होतं आणि आमच्याकडे नव्हतं ते असं: २९ सप्टेंबरचं बिल क्रमांक २२९१, रक्कम ५८,४००. १२ सप्टेंबरचं बिल २१८८, रक्कम २१,३००. आणि ५ सप्टेंबरची त्यांची क्रेडिट नोट ६४, रक्कम ६,९५०. आमच्याकडे होतं आणि त्यांच्याकडे नव्हतं ते: २९ सप्टेंबरला दिलेला ७५,००० चा चेक, आणि २२ ऑगस्टची आमची डेबिट नोट १७, रक्कम १४,४००.

बेरीज करताना क्रेडिट नोटचं चिन्ह उलटं आहे हे लक्षात ठेवावं लागतं. बाकी चारही नोंदींमुळे त्यांची बाकी आमच्यापेक्षा जास्त दिसते, क्रेडिट नोटमुळे कमी. चौघांची बेरीज १,६९,१००, त्यातून ६,९५० वजा केले की १,६२,१५०. शोधायचे होते १,६३,०५०. अजून ९०० शिल्लक.

या ९०० वर मी बराच वेळ घालवला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही. साहेब म्हणालेच, "नऊशेसाठी कशाला जीव काढतेस, किरकोळ खर्चात टाक." पण न सापडलेला ९०० हा खरोखर ९०० च असतो याची खात्री नसते. पाच हजार एका बाजूला आणि एकेचाळीसशे दुसऱ्या बाजूला चुकले असतील तरी उरतात ते नऊशेच.

उरलेली रक्कम सापडेना झाली की जुने हिशेबनीस दोन गोष्टी बघतात. पहिली, तिची निम्मी रक्कम कुठे दिसते का. एखादी नोंद चुकून नावेऐवजी जमेला गेली तर फरक तिच्या दुप्पट पडतो. ४५० ची नोंद कुठेच नव्हती. दुसरी, रकमेला नऊने भाग जातो का. शेजारशेजारचे दोन आकडे लिहिताना उलटे पडले तर फरकाला नेहमी नऊने पूर्ण भाग जातो. ९०० ला गेला, भागाकार १००. आणि हा भागाकार कुठे बघायचं तेही सांगतो: शंभर आला म्हणजे शतक आणि हजाराच्या जागचे आकडे अदलाबदल झालेत, आणि त्या दोन आकड्यांत फक्त एकाचा फरक आहे. आता टिका मारलेल्या नोंदींवरून पुन्हा फिरले, पण या वेळी नजर फक्त त्या दोन जागांवर. १८ ऑगस्टला आम्ही बँकेतून ६४,३०० पाठवले होते. व्यवहार क्रमांक दोन्हीकडे तोच, म्हणून टीक पडलेली. त्यांच्या स्टेटमेंटवर रक्कम होती ६३,४००. बँकेचा उतारा काढून खात्री केली, ६४,३०० च गेले होते.

(नऊने भाग गेला म्हणजे आकडे उलटलेच असं मात्र नाही. ९०० चं एखादं खरंखुरं बिलही राहिलेलं असू शकतं. ही युक्ती कुठे बघायचं ते दाखवते, सिद्ध काही करत नाही.)

इथपर्यंत फरक सापडला होता. पण सापडलेला फरक म्हणजे उत्तर नव्हे. प्रत्येक नोंदीमागे काय घडलं ते कागदानिशी कळल्याशिवाय पत्रात लिहिणार काय? ८ आणि ९ तारीख त्यात गेली.

बिल २२९१ सोपं होतं. त्यांनी २९ सप्टेंबरला माल गाडीत चढवला आणि बिल केलं, आमच्या गेटवर तो ३ ऑक्टोबरला आला. आवक पावतीवर तारीख होतीच. यात कुणाचंच काही चुकलेलं नाही, पुढच्या महिन्यात आपोआप जुळणार. चेकचंही तसंच. आम्ही २९ ला चेक काढला तेव्हाच त्यांच्या खात्यात नावे टाकला, त्यांच्या हातात तो १ ऑक्टोबरला पडला. आमच्या बँकेतून ४ ऑक्टोबरला वटला होता. इथे एक खबरदारी: 'चेक दिलाय' एवढ्यावर थांबू नये, तो वटल्याची तारीख बँकेच्या उताऱ्यात बघावी. कपाटात राहिलेला चेकही वहीत 'दिलेला' च दिसतो.

बिल २१८८ ने मात्र घाम काढला. आमच्याकडे बिल नाही, नोंद नाही, काहीच नाही. पहिला विचार हाच आला की दुसऱ्या कुणाचं बिल चुकून आमच्या नावावर टाकलं असणार. तसं लिहून मोकळं होण्याचा मोह होता. पण स्टोअर सांभाळणाऱ्या काकांकडे आधी गेले. त्यांनी सप्टेंबरची चलनांची फाइल काढली, बोट फिरवत १४ तारखेवर थांबले आणि म्हणाले, "हा घ्या तुमचा माल. माझीच सही आहे. बिल गाडीबरोबर आलंच नव्हतं, चलनावर उतरवून घेतला." चलनावर कोपऱ्यात पेनाने त्यांनीच लिहून ठेवलं होतं: 'बिल नंतर'. माल आलेला, वापरलेलाही. देणं खरं होतं.

तेव्हा 'आमच्या वहीत नाही' याचा अर्थ 'आम्ही देणं लागत नाही' असा होत नाही. त्यांच्या कागदावर आहे आणि आपल्याकडे नाही अशा प्रत्येक बिलासाठी आधी गोदामाची फाइल बघावी, मग पत्र लिहावं. आणि देणं खरं निघालं तरी स्टेटमेंटवरून बिलाची नोंद करू नये. स्टेटमेंट म्हणजे बिल नव्हे. त्यावर मालाचा तपशील नसतो, दर नसतो, कर वेगळा दाखवलेला नसतो. बिलाची दुय्यम प्रत मागवावी आणि तिच्यावरूनच नोंद करावी. बिल नंबर टाकताना तो छापल्यासारखाच टाकावा, पुढचं शून्य किंवा मधली तिरकी रेघ न गाळता. नाहीतर मूळ प्रत उद्या टपालातून उगवते, नंबर वेगळा दिसतो म्हणून सॉफ्टवेअर ती मुकाट्याने घेतं आणि एकाच मालाचं देणं दोनदा चढतं.

क्रेडिट नोट ६४ कशाची ते खरेदी विभागाला विचारल्यावर कळलं. ऑगस्टमधल्या एका बिलात दर जुन्या यादीचा लागला होता, खरेदीवाल्यांनी फोनवर भांडून फरक मान्य करून घेतला होता आणि आम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. कागद आमच्यापर्यंत पोचलाच नाही. ही नोंद आमच्या फायद्याची, त्यांच्या स्टेटमेंटमुळेच सापडली. बाकी जुळत असती तर स्टेटमेंट कुणी उघडून बघितलंच नसतं, असं उगाच वाटून गेलं.

राहिली डेबिट नोट १७, आणि खरी गुंतागुंत तिथेच होती. ऑगस्टमध्ये आलेल्या खोक्यांपैकी १२ खोकी ओली निघाली. प्रत्येकी १,२०० प्रमाणे १४,४०० ची डेबिट नोट करून आम्ही माल परत पाठवला आणि आमच्या खात्यातून तेवढं देणं कमी केलं. आमच्या दृष्टीने विषय संपला. पण डेबिट नोट हा आपला कागद आहे. त्यांच्या वहीत तिच्यामुळे काहीही हलत नाही. त्यांची वही हलते ती त्यांनी स्वतः क्रेडिट नोट काढली तरच, आणि ती निघते त्यांच्या गोदामाने परत आलेला माल मोजून मान्य केल्यावर. म्हणजे आमची डेबिट नोट त्यांच्या हिशेबात अजून एक मागणी होती. ती त्यांच्या हिशेब विभागापर्यंत पोचली होती की नाही हेही मला माहीत नव्हतं. म्हणून फाइलमधून डेबिट नोटची प्रत, परतीचं चलन आणि वाहतूकवाल्याची १२ खोकी उचलल्याची पावती काढून ठेवली. पावतीवरून आणखी एक गोष्ट कळली जी पुढे फार उपयोगी पडली: परतीची गाडी आम्ही केलेली नव्हती, ती त्यांनीच पाठवलेली होती.

११ ऑक्टोबरला पत्र लिहायला घेतलं. त्यांच्या हिशेब विभागातल्या बाईंना आदल्या दिवशी फोन केला होता. त्या म्हणाल्या, "तुमचं लेजर पाठवून द्या, आम्ही बघून घेतो." सगळे हेच म्हणतात, आणि बहुतेक ठिकाणी नुसतं लेजर पाठवलं की ते तसंच पडून राहतं. समोरच्याला आपण केलेलं सगळं काम पुन्हा करावं लागतं, आणि त्यांच्याकडे आपल्यासारखी कितीतरी खाती असतात. लेजर मी जोडलं, पण जोडपत्र म्हणून. पत्रात यादी होती.

यादीची रचना ठरवताना दोन गोष्टी मनाशी पक्क्या केल्या. सुरुवात त्यांच्या आकड्यापासून करायची आणि शेवट आपल्या आकड्यावर. वाचणाऱ्याच्या समोर त्याचाच कागद उघडा असतो, तिथून एकेक पायरी उतरत तो आपल्यापर्यंत आला पाहिजे. आणि नोंदी तारखेने न लावता, कुणी काय करायचं यावरून लावायच्या. तारखेने लावलेल्या यादीत 'काहीच करायला नको' अशा ओळी आणि 'ताबडतोब दुरुस्ती करा' अशा ओळी एकमेकींत मिसळतात, आणि मग सगळंच 'बघू' मध्ये जातं. पत्राचा मुख्य भाग असा झाला:

"आपल्या स्टेटमेंटनुसार ३० सप्टेंबर अखेर येणे बाकी ४,८६,२५०. आमच्या वहीनुसार ३,२३,२००. फरक १,६३,०५०. फरकाच्या सर्व नोंदी खाली देत आहोत.

अ) आमच्या वहीत घ्यावयाच्या नोंदी
१. बिल २१८८, दि. १२ सप्टेंबर, २१,३००. माल १४ सप्टेंबरला मिळाला आहे, बिल मिळालेले नाही. कृपया दुय्यम प्रत पाठवावी, मिळताच नोंद करू. (वजा २१,३००)
२. क्रेडिट नोट ६४, दि. ५ सप्टेंबर, ६,९५०. प्रत मिळालेली नाही. कृपया पाठवावी. (अधिक ६,९५०)

ब) आपल्या वहीत दुरुस्ती
३. १८ ऑगस्टचा बँक भरणा ६४,३००, आपल्याकडे ६३,४०० दाखवला आहे. बँकेचा उतारा जोडला आहे. (वजा ९००)

क) आपली मान्यता बाकी
४. आमची डेबिट नोट १७, दि. २२ ऑगस्ट, ओली १२ खोकी परत, १४,४००. डेबिट नोट, परतीचे चलन व वाहतूक पावती जोडली आहे. क्रेडिट नोट द्यावी. (वजा १४,४००)

ड) केवळ तारखेचा फरक, दुरुस्तीची गरज नाही
५. बिल २२९१, दि. २९ सप्टेंबर, ५८,४००. माल ३ ऑक्टोबरला मिळाला. (वजा ५८,४००)
६. २९ सप्टेंबरचा चेक ७५,०००, आपल्याला १ ऑक्टोबरला पोचला, ४ ऑक्टोबरला वटला. (वजा ७५,०००)

आमच्या वहीनुसार बाकी ३,२३,२००."

प्रत्येक ओळीच्या शेवटी कंसात वजा-अधिक लिहिलं ते मुद्दाम. समोरच्याने कॅल्क्युलेटर घेऊन वरून खाली बेरीज केली की थेट आपल्या आकड्यावर उतरला पाहिजे. पत्र पाठवण्याआधी मी स्वतः तसं करून बघितलं, चहा आणून देणाऱ्या मुलाकडूनही एकदा करून घेतलं. त्याचा आकडा बरोबर आला तेव्हा पत्र समजण्यासारखं आहे याची खात्री पटली.

आमच्या अंगावर येणारी नोंद सगळ्यात वर ठेवली, हा माझा हट्ट. पहिल्याच ओळीत आपण २१,३०० कबूल करतोय हे दिसलं की वाचणाऱ्याचा सूर बदलतो. पुढच्या मागण्या मग तो भांडण म्हणून वाचत नाही.

त्याखाली आणखी एक परिच्छेद होता, आणि गाडी सुटली ती त्याच्यामुळेच असं मला वाटतं. अ गटातल्या दोन नोंदी केल्यावर आमच्या हिशेबाने ३० सप्टेंबरचं देणं ३,३७,५५० होतं, आणि ते आम्हाला मान्य आहे असं स्पष्ट लिहिलं. त्यातली मुदत भरलेली बिलं कोणती आणि त्यांचे पैसे कोणत्या तारखेला देणार तेही लिहिलं. वाद फक्त १४,४०० आणि ९०० एवढ्यापुरता आहे, त्यासाठी बाकीचे पैसे अडवलेले नाहीत, हे समोरच्याला कळायला हवं. उलट बाजूनेही तेच: डेबिट नोट मिटत नाही म्हणून सगळा भरणा रोखून धरला की आपलं खातं थकबाकीच्या यादीत जातं आणि मग खऱ्या मुद्द्याकडे कुणी बघत नाही. 'बाकी बरोबर आहे' वाला फॉर्मही परत पाठवला, पण 'बरोबर' खोडून 'अमान्य, फरकाची यादी दि. ११ ऑक्टोबरच्या पत्रात' असं लिहून.

मेलच्या विषयात 'स्टेटमेंटबाबत' एवढंच न लिहिता आमचा ग्राहक क्रमांक, '३० सप्टेंबर अखेरची बाकी' आणि 'फरक १,६३,०५०' असं लिहिलं. नंतर शोधायला सोपं जातं. मेल हिशेब विभागाला, प्रत विक्रीवाल्याला. गाडी अडवणारा तो होता, त्याला कळायला नको?

मग वाट बघणं. १५ तारखेला बिल २१८८ ची दुय्यम प्रत आणि क्रेडिट नोट ६४ आली. दुय्यम प्रतीवरची नगसंख्या काकांच्या चलनाशी ताडून बघितली आणि त्याच दिवशी दोन्ही नोंदी करून टाकल्या. आमची बाजू आधी पूर्ण झालेली बरी, पाठपुरावा करताना बोलायला जोर येतो. १६ ला गाडीही आली. बाकी दोन मुद्द्यांवर शुकशुकाट. २० तारखेला आठवण करून दिली. नवी मेल न लिहिता त्याच मेलला उत्तर देऊन, आणि फक्त ओळ ३ आणि ओळ ४ बद्दल. यादीला क्रमांक दिल्याचा फायदा इथे कळला. "ओळ ३ चं काय झालं?" एवढंच विचारता येतं.

२३ ला त्या बाईंचा फोन आला. ९०० चं लगेच मान्य. म्हणाल्या, "ऑगस्टचा बँकेचा मेळ अजून आमचाच बसला नव्हता. तुमचं पत्र बघितलं आणि आमचे नऊशे सापडले." त्यांच्या आवाजात सुटल्यासारखा आनंद होता, आणि तो मला पुरेपूर समजला.

डेबिट नोटवर मात्र गाडी अडली. त्यांच्या गोदामाच्या नोंदीप्रमाणे १० च खोकी परत आली होती. आमच्याकडे वाहतूकवाल्याची पावती १२ ची. दोन खोकी वाटेत कुठेतरी राहिली. त्यांनी १० खोक्यांची, १२,००० ची क्रेडिट नोट २७ ऑक्टोबरला काढली आणि उरलेले २,४०० आम्ही डेबिट नोटमधून कमी करावेत असं सुचवलं. मी नाही म्हटलं, पण फोनवर नाही, लेखी. गाडी तुमची, गाडीवाल्याने १२ मोजून घेतल्याची सही केलेली, त्यापुढची जबाबदारी आमच्याकडे कशी येते, एवढंच विचारलं आणि पावती पुन्हा जोडली. १२,००० ची क्रेडिट नोट मात्र बिनशर्त स्वीकारली. पूर्ण रक्कम मिळेपर्यंत अर्धी घेणार नाही म्हणून ती परत पाठवण्यात काही शहाणपण नाही. फक्त पोच देताना लिहिलं की ही डेबिट नोट १७ पोटी अंशतः मिळालेली क्रेडिट नोट आहे, २,४०० बाकी आहेत. 'अंशतः' लिहिलं नाही तर सहा महिन्यांनी ती 'पूर्ण आणि अंतिम' ठरते.

५ नोव्हेंबरला ऑक्टोबरचं स्टेटमेंट आलं. उघडलं आणि आधी सप्टेंबरच्या यादीतल्या ओळी शोधल्या. चेक आला होता, २२९१ दोन्हीकडे होतं, ९०० ची दुरुस्ती २४ तारखेला दिसत होती, १२,००० जमा होते. महिनाअखेरचं एक नवं बिल वाटेत होतं, ते वगळलं तर फरक बरोबर २,४००. या वेळचं उत्तर अर्ध्या पानात मावलं. पहिली ओळ त्या दोन खोक्यांची, तारीख २२ ऑगस्टचीच ठेवून, म्हणजे किती दिवस पडून आहे ते वाचणाऱ्याला दिसावं. बाई म्हणाल्या आहेत की वाहतूकवाल्याकडे दावा टाकलाय, महिनाभरात कळेल. तोवर आमच्या वहीत डेबिट नोट जशी होती तशीच आहे, आणि साहेबांना वर्षअखेरच्या यादीत २,४०० 'वादातली रक्कम' म्हणून दाखवायचं सांगून ठेवलं आहे.